तलवारींचा राजा आणि कडक साहेबांचं अप्रेझल

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. इथे टॅरो बघणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय. ज्यांना हे थोतांड वाटतं त्यांनी वाचून सोडून दिलं तरी चालेल. (तर्कट, तुम्हालाच म्हणतेय.)

चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सप्लायर क्वालिटी बघते. सहा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. माणूस कडक आहे. आवाज कधी चढवत नाहीत, पण कौतुकही नाही. पुरवठादाराचा एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोष का आला आणि काय दुरुस्त केलं याचा अहवाल, मूळ कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं लिहून आला आणि मी तसाच पुढे पाठवला, की लाल शाईत 'का झालं दुर्लक्ष?' एवढंच लिहून कागद माझ्या टेबलावर परत. एक रिपोर्ट तीनदा परत आलाय. आधीचे साहेब चहा पीत पीत सही करायचे.

पुढच्या शुक्रवारी अप्रेझल आहे. गेल्या वर्षी ३.१ मिळाले होते, तेही या सरांनी आल्या आल्या दिलेले. या वर्षी काम खरंच चांगलं झालंय, पण नोव्हेंबरात एक तक्रार थेट ग्राहकाकडून आली. ब्रॅकेटचं भोक सरकलेलं होतं, ३४० नग गेले. तेवढंच सरांच्या लक्षात राहील अशी भीती आहे.

रविवारी रात्री तीन पत्ते काढले. प्रश्न होता, "सर माझं मूल्यांकन न्यायाने करतील का?"
माझं काम: सेव्हन ऑफ पेंटॅकल्स
सर: किंग ऑफ सोर्ड्स, सरळ
पुढे काय: सिक्स ऑफ पेंटॅकल्स

राजा बघून पोटात गोळाच आला. मग खात्री करायला आणखी दोनदा काढले, तर एकदा थ्री ऑफ सोर्ड्स आणि एकदा मून. आता झोप नाही. कुणी नीट सांगेल का?

मकरंद_के

तलवारी आल्या म्हणजे त्रास आलाच. सगळ्या डेकमधला हा सगळ्यात कोरडा राजा, हा म्हणजे शनी. शनी न्यायाधीश खरा, पण आधी सोलून काढतो आणि मग न्याय देतो. तुमची रास कुंभ किंवा मीन असेल तर बघायलाच नको. शनिवारी मारुतीला तेल घाला आणि अप्रेझल जमल्यास पुढे ढकला.

तर्कट

रुमाल टाकून ठेवतो. नाव घेऊन बोलावलंच आहे तर येईन.

आबा_निवृत्त

ताई, घाबरू नका. मी ३४ वर्षं शासकीय सेवेत काढली. तुमच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला तर तो तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. पूर्वी फक्त प्रतिकूल शेराच कळवायचे, 'चांगला' असा शेरा असला तर पत्ता लागायचा नाही, आणि पदोन्नतीच्या वेळी त्याच 'चांगला'मुळे माणूस मागे राहायचा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितलं की कुठलाही शेरा असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तुमचे प्रतिवेदन अधिकारी हे साहेब, पण त्यांच्या वर पुनर्विलोकन अधिकारी असतोच. त्यांच्याकडे अर्ज करा. प्रत आणि पोच मात्र जपून ठेवा.

चैत्रपालवी

आबा, आमची खाजगी कंपनी हो. आमच्यात सीआर नसतो. पण धन्यवाद.

जुना_गंजिफा

उशिरा आलो. आधी एक काम करा, नंतर काढलेले ते दोन पत्ते मनातून काढून टाका. पहिल्या उत्तराने घाबरून परत काढलं की पुढचे पत्ते त्या घाबरण्याबद्दल बोलतात. थ्री ऑफ सोर्ड्स आणि मून म्हणजे तुमची रविवारची रात्र आहे. शुक्रवारशी त्यांचा काही संबंध नाही.

आता राजा. तुमच्याकडे नेहमीचा रायडर-वेट डेक असेल, १९०९ सालचा, पामेला कोलमन स्मिथने काढलेला, तर पत्ता हातात घ्या. शेजारी त्याच डेकमधला जस्टिस ठेवा, अकरा नंबरचा. दोघंही समोर तोंड करून बसलेत, दोघांच्याही उजव्या हातात तलवार आहे. पण जस्टिसच्या डाव्या हातात तराजू आहे, आणि या राजाचा डावा हात रिकामाच मांडीवर आहे. तलवार आहे, तराजू नाही. आणखी एक. जस्टिसची तलवार सरळ उभी आहे, राजाची किंचित कललेली.

हा डेक ज्याने स्मिथकडून काढून घेतला त्या वेटने स्वतः याबद्दल लिहून ठेवलंय. हा न्यायाला बसलाय आणि जस्टिसची आठवण करून देतो, हे तो मान्य करतो, पण लगेच पुढे म्हणतो की याच्यात जास्त करून आहे ती पदामुळे आलेली सत्ता, अगदी मारण्या-तारण्यापर्यंतची. न्याय हा गुण असू शकेल, पण अधिकार आहेच. तुम्ही विचारलंत 'न्यायाने करतील का', आणि उत्तरात न्याय आला नाही, न्याय करायचा अधिकार असलेला माणूस आला. मी जस्टिस आला असता तर तुम्हाला 'हो' म्हणून मोकळा झालो असतो. इथे तसं म्हणता येत नाही. 'नाही'ही म्हणता येत नाही.

मग काय म्हणता येतं? हा राजा समोर जे मांडलं जाईल त्यावर निकाल देतो. तोंड बघून देत नाही, जुन्या ओळखीवर देत नाही, आणि तुम्ही किती राबलात हे स्वतःहून शोधायलाही जात नाही. वजन करून आणणं हे तुमच्याकडे आलं. लाल शाईचा किस्सा तुम्हीच सांगितलात ना? त्या माणसाने तीन वेळा एकच गोष्ट मागितली, 'कारण दाखव'. तोच माणूस अप्रेझलला वेगळं काही मागेल असं कशाला वाटतं?

सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरलात का? काय लिहिलंय त्यात?

चैत्रपालवी

बुधवारपर्यंत द्यायचाय. भरून ठेवलाय. चार केआरए, म्हणजे वर्षाच्या कामाचे ठरलेले मुद्दे आहेत आणि चारही ठिकाणी स्वतःला ४ दिलेत. शेजारी 'सातत्याने प्रयत्न केले', 'टीमशी उत्तम समन्वय' असं लिहिलंय. गेली चार वर्षं हेच लिहितेय, आधीच्या साहेबांना चालायचं.

तराजूचं मी कधी बघितलंच नव्हतं! आत्ता पत्ते शेजारी ठेवले. खरंच की.

निशिगंधा

माझा अनुभव देते, थोडा वेगळा आहे. दोन वर्षांपूर्वी मीही अप्रेझलसाठी पत्ता काढला आणि हाच राजा आला, पण उलटा. उलट्याचे अर्थ पुस्तकांत भयंकर दिलेत, क्रूरपणा, दगाबाजी वगैरे. मी धरून चालले की बॉस माझी वाट लावणार. प्रत्यक्षात बॉसने मला छान रेटिंग दिलं. मग पंधरा दिवसांनी मी माझ्या हाताखालच्या मुलीचं अप्रेझल केलं. तिने वर्षभर घरच्या आजारपणातून कसंबसं काम ओढलं होतं आणि मी तिला फक्त चुकलेल्या तारखा वाचून दाखवल्या. एकही तारीख खोटी नव्हती. ती रडत बाहेर गेली. तेव्हा उजेड पडला की तो उलटा राजा मीच होते.

तेव्हा चैत्रपालवी, हा राजा सरच कशावरून? तूही असशील.

मकरंद_के

+१ निशिगंधा. राजे-राण्या बऱ्याचदा आपणच असतो.

जुना_गंजिफा

निशिगंधा, तुमचा किस्सा पटला, पण इथे तसं नाही. तुम्ही एकच पत्ता मोकळ्या प्रश्नावर काढला होतात, तेव्हा राजा कोण हे उघडं राहिलं. चैत्रपालवींनी आधीच जागा ठरवली होती, 'सर'. जागेला नाव दिलं आणि त्यावर राजा पडला की तो सरच. नाहीतर जागा ठरवायच्या कशाला? राजा 'मी'च्या जागी आला असता तर सल्ला वेगळा झाला असता. मग म्हणालो असतो की स्वतःचंच मूल्यांकन कोरड्या डोळ्यांनी करा.

उलटा आणि सरळ यातला फरक मात्र तुमच्या गोष्टीत छान आलाय. तारखा खऱ्या, सत्ता खरी, हेतू बिघडलेला. हाच राजा उलटा. सरळ राजा तारखा वाचतो आणि त्यामागचं कारणही विचारतो.

मकरंद, शनीचं अर्धं बरोबर आहे. गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या जुन्या गूढविद्येच्या मंडळाने तलवारींच्या ज्या दरबारी पत्त्याला मकरेच्या शेवटापासून कुंभेचा बराच भाग दिलाय, त्या दोन्ही राशी शनीच्याच. पण त्यांचा तो 'प्रिन्स' म्हणजे वेटचा राजा की वेटचा नाइट, यावर टॅरोवाल्यांची भांडणं अजून चालू आहेत. शिवाय ते सगळं सायन राशींचं, आपल्या पंचांगातल्या साडेसातीशी त्याची गाठ घालू नका. तेल घालायचं तर घाला, मारुतीला चालतं.

पाटावरची_राणी

अवांतर: गंजिफाकाका, तुमच्या नावावरून आठवलं. टॅरो मूळचा आपल्या गंजिफ्यावरूनच गेला ना युरोपात? सावंतवाडीच्या गंजिफ्यातही राजा असतो.

जुना_गंजिफा

नाही हो, आवडलं असतं पण नाही. युरोपात पत्ते गेले ते इजिप्तच्या मामलुकांकडून, चौदाव्या शतकात. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आला, आणि तोही खेळायला. भविष्य बघायला तो अठराव्या शतकात फ्रान्समध्ये लागला. गंजिफा आपल्याकडे इराणच्या बाजूने आला. पण गंमत अशी की मोगल गंजिफ्याच्या आठ रंगांत एक रंग शमशेर आहे, म्हणजे तलवारच. त्यातही राजा आणि प्रधान असे दोन मानाचे पत्ते. म्हणजे तलवारींचा राजा आपल्याकडेही होता, फक्त त्याला कुणी अप्रेझलचं विचारलं नाही.

तर्कट

आलो. गंजिफाकाका, तुम्ही सांगितलेला सल्ला उत्तम आहे. आकडे न्या, कारणं न्या. पण हा सल्ला द्यायला राजा कशाला लागला? समजा किंग ऑफ कप्स आला असता. तुम्ही 'आकडे नेऊ नका' म्हणाला असतात का?

जुना_गंजिफा

आकडे नेऊ नका असं म्हणालो नसतो. पण म्हणालो असतो की शुक्रवारची वाट बघू नका, आधीच जाऊन दहा मिनिटं बोला, नोव्हेंबरच्या तक्रारीने किती वाईट वाटलं ते सांगा, हा माणूस ऐकेल. या राजाला ते सांगायला गेलात तर तो घड्याळ बघेल. किंग ऑफ पेंटॅकल्सला सांगितलं असतं की किती पैसे वाचवले ते आधी दाखवा. माणूस तोच, फॉर्म तोच, पण कुठली गोष्ट आधी ठेवायची ते बदलतं.

तर्कट

म्हणजे सर प्रत्यक्षात जसे आहेत ते चैत्रपालवींना दीड वर्षापासून माहीत आहे, आणि पत्ता त्याच्याशी जुळला म्हणून तुम्ही बरोबर. कप्स आला असता आणि त्या भावना सांगायला गेल्या असत्या तर?

जुना_गंजिफा

तर फसल्या असत्या. हा मुद्दा तुमचा. पत्ता आणि माहिती यांचं जुळत नसेल तर मी माहितीच्या बाजूने जातो, पण मग पत्ता कशाला हे तुम्ही विचारणार, आणि त्याला माझ्याकडे तुम्हाला पटेल असं उत्तर नाही. मला पत्ता बघितल्यावर काय विचारायचं ते सुचतं. एवढंच.

एचआरवाली_मुलुंड

मला टॅरोतलं शून्य कळतं, पण मी रोज हेच करते म्हणून लिहिते.

कडक मॅनेजरबद्दल लोकांचा गैरसमज असा की तो कमी मार्क देतो म्हणजे नुकसान करतो. तुमचे सर रेटिंग देतील तिथे गोष्ट संपत नाही. नंतर कॅलिब्रेशनची मीटिंग होते. सगळे विभागप्रमुख बसतात, वरच्या रेटिंगच्या जागा ठरलेल्या असतात. तिथे ज्याने सगळ्यांना ४ आणि ५ वाटलेत त्याची माणसं आधी खाली सरकतात, कारण विचारलं की त्याला सांगता येत नाही. ज्याने मोजून दिलेत आणि शेजारी कारण लिहिलंय, त्याचं रेटिंग हलवणं अवघड जातं. म्हणून तुमच्या फॉर्ममधलं वाक्य फक्त सरांसाठी नसतं. सर तेच वाक्य त्या मीटिंगमध्ये वाचणार आहेत. 'उत्तम समन्वय' तिथे वाचून काय होणार?

आणि पगारवाढीची टक्केवारी तर त्याहून वेगळी. बजेट वरून येतं. सरांचा त्यात हात जेमतेम.

जुना_गंजिफा

बाई, तुम्ही तिसरा पत्ता वाचलात! सिक्स ऑफ पेंटॅकल्समध्ये एक श्रीमंत माणूस उभा आहे, समोर दोघं गुडघ्यावर, आणि नाणी एकाच्याच हातात पडताहेत. त्या माणसाच्या दुसऱ्या हातात काय आहे? तराजू. जो राजाकडे नव्हता तो इथे निघाला. तुमच्या त्या मीटिंगमध्ये आणि बजेटमध्ये.

तेव्हा चैत्रपालवी, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न होते. सर न्यायाने वागतील का, आणि मला जे मिळेल ते न्याय्य असेल का. पहिला राजाचा, दुसरा त्या व्यापाऱ्याचा. पहिल्याबद्दल तुम्ही काही करू शकता. दुसऱ्यात तुम्ही गुडघ्यावर बसलेल्या दोघांपैकी एक आहात, आणि कुठल्या ते पत्ता सांगत नाही.

पहिला पत्ता राहिला. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समधला पोरगा कुदळीवर रेलून झाडाकडे बघतोय. सहा नाणी झाडावर, एक पायाशी. तो वेचत नाहीये, नुसता बघतोय. तुमचं वर्षाचं पीक तसंच झाडावर आहे, मोजलेलं नाही. आज रात्री मोजा.

चैत्रपालवी

मोजलं. पहाटे दीड वाजलाय. फॉर्म सगळा खोडून परत लिहिला. इथे टाकते, बघा आणि हाणा.

१. पुरवठादारांकडून येणारं रिजेक्शन कमी करणे (वजन ४०). एप्रिलमध्ये ४२० पीपीएम, फेब्रुवारीअखेर २६०, लक्ष्य ३००. स्वतःला ४.
२. ग्राहक तक्रारी (वजन २५). लक्ष्य शून्य, आली एक. ३४० नग. कारण: पुरवठादाराने जिगची पिन बदलली आणि आम्हाला कळवलं नाही, आणि आमच्या तपासणी यादीत ते भोक नव्हतंच. यादी बदलली. स्वतःला २.
३. पुरवठादार ऑडिट (वजन २०). ठरलेले १४, झाले १२. स्वतःला ३.
४. प्रशिक्षण (वजन १५). इथे काय लिहू कळेना, सत्रं घेतली पण त्याने काय बदललं ते मोजलं नाही. ४ ठेवलेत.

दुसऱ्या ओळीत 'आमच्या यादीत ते भोक नव्हतंच' हे लिहू की नको? ती यादी माझीच होती. लिहिताना हात थरथरत होता. घरच्यांचं म्हणणं, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला.

मकरंद_के

अजिबात लिहू नका! पुरवठादाराची चूक आहे ती. आपणहून फाशीचा दोर कशाला द्यायचा?

निशिगंधा

लिही गं. त्यांना माहीतच असणार.

जुना_गंजिफा

लिहा. हा राजा लपवलेलं सापडलं की मगच उलटा होतो. मी हे पत्त्यावरून सांगतोय, पण त्याच्याशिवायही सांगितलं असतं. तर्कट, हसू नका.

आणि प्रशिक्षणाचे ४ राहणार नाहीत. आकडा नाही तिथे तलवार पडते.

एचआरवाली_मुलुंड

लिहा, पण नुसती कबुली नको. यादी कधी बदलली आणि त्यानंतर किती लॉट स्वच्छ आले, तेही लिहा. चूक आणि दुरुस्ती एकाच वाक्यात असू दे, म्हणजे कुणी अर्धंच वाक्य वाचणार नाही.

आणि १ नंबरला निकष बघितलेत का? केआरए शीटमध्ये ३, ४, ५ कशाला द्यायचे ते लिहिलेलं असतं. बहुतेक लोक ते उघडतच नाहीत.

आबा_निवृत्त

ताई, फॉर्म दिल्याची पोच घ्या.

चैत्रपालवी

फॉर्म आज पाठवला, भोकाचं वाक्य ठेवून. पोच ईमेलने आपोआप आली, आबा. निकषाची शीट शोधायला वेळच मिळाला नाही, पुरवठादाराकडे होते दिवसभर. शुक्रवारी रात्री सांगते.

तर्कट

शुभेच्छा. मनापासून.

चैत्रपालवी

झालं. पन्नास मिनिटं चाललं. चहा नाही.

सरांनी माझा फॉर्म छापून आणला होता आणि शेजारी त्यांची स्वतःची वही. वहीत तारखेवार माझी नोंद होती, मला तर धक्काच बसला. पहिल्या ओळीवर आले, वाचलं, आणि म्हणाले, "निकष वाचलास?" मी गप्प. त्यांनी शीट फिरवून माझ्यासमोर ठेवली. २७० च्या खाली गेलं तर ५. म्हणे, "तू स्वतःला कमी दिलेत तर मी का कमी देऊ," आणि ४ खोडून ५ केले. लाल शाईतच.

दुसऱ्या ओळीवर बराच वेळ थांबले. 'आमच्या यादीत ते भोक नव्हतंच' याच्याखाली रेघ मारली. मला वाटलं संपलं. विचारलं, "यादी कधी बदलली?" मी सांगितलं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. "नंतरचे लॉट?" तिथे मी अडकले, फॉर्ममध्ये लिहायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी वही उघडली. तीन लॉट, तिन्ही स्वच्छ, फेब्रुवारीत पडताळणी झालेली. २ चे ३ केले. म्हणजे माझी बाजू त्यांच्या वहीत होती आणि माझ्याकडे नव्हती.

ऑडिटचे ३ तसेच राहिले, पण सुनावलं. "दोन राहिले ते ठीक. सप्टेंबरमध्ये मला का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटलं होतं की सांगितलं तर नापास, म्हणून नाही सांगितलं. तेही म्हणता येईना.

प्रशिक्षणाचे ४ चे ३. गंजिफाकाका, अगदी शब्दशः विचारलं, "काय बदललं ते दाखव." नाही दाखवता आलं.

एकूण ३.८. गेल्या वर्षी ३.१ होते. सगळीकडे ४ लिहिलेला तो जुना फॉर्म गेला असता तर काय झालं असतं याचा विचार करत बसले होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "भोकाचं लिहिलंस ते वाचलं." चांगलं की वाईट ते कळू दिलं नाही.

निशिगंधा

वाचून अंगावर काटा आला! अभिनंदन.

जुना_गंजिफा

एक चूक कबूल करतो. मी म्हणालो होतो की हा राजा तुम्ही किती राबलात हे स्वतःहून शोधायला जात नाही. याने तर वही ठेवली होती. माझं वाचन तिथे तोकडं पडलं. तराजू त्यांच्याकडेही होता, फक्त दिसत नव्हता.

तर्कट

किंवा तो पत्ता नव्हताच, एक चांगला मॅनेजर होता. पण आज वाद नको. ३.८ भारी आहेत.

एचआरवाली_मुलुंड

३.८ चे ४ होतील असं धरून बसू नका. कॅलिब्रेशन व्हायचंय. पत्र बहुधा मेमध्ये येईल. सर तिथे वही घेऊन गेले तर बरं.

चैत्रपालवी

हो, आमच्याकडे ३.५ च्या वर ४ धरतात, पण मीटिंगनंतरच. शेजारच्या विभागात सगळ्यांना ४.५ मिळालेत असं कँटीनमध्ये ऐकलं. तिसऱ्या पत्त्यातली ती दोन माणसं आठवली आणि जेवण गेलं नाही.

मेसाठी आत्ताच एक पत्ता काढू का?

जुना_गंजिफा

नको.

मकरंद_के

काढा काढा, पण शनिवारी नको.

आबा_निवृत्त

ताई, त्या लाल शाईच्या फॉर्मची झेरॉक्स घेतलीत का?